अटल पेन्शनचे कुलूप



या व्यासपीठावर माझ्याआधी विद्वान मंडळी बोलून गेली. मी शाळा नववीत सोडली आणि पुढचे जे काही शिकलो ते कारखान्याच्या गेटवर, लेबर कोर्टाच्या पायऱ्यांवर आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानात. तेव्हा आज मी आपणांस ज्ञान सांगणार नाही. एक हिशेब सांगणार आहे, आणि त्या हिशेबात मी स्वतः एकदा कसा चुकलो तेही सांगणार आहे. विषय आहे अटल पेन्शन योजना. सरकारकडे पैसे ठेवावयाचे आणि साठीनंतर दरमहा पेन्शन घ्यावयाचे, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. मधल्या तीस वर्षांत त्या पैशाला जे कुलूप लागते, ते कसले असते, त्याला किल्ली आहे की नाही, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. मलाही २०२२ सालापर्यंत नव्हते.

कामगारांच्या म्हातारपणाचा विचार आमच्या चळवळीतही उशिराच आला. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने जे मागणे मांडले, त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, यंत्रावर हातपाय गमावून जन्माचा अधू झालेल्याच्या पोटापाण्याची सोयही होती. नुसता म्हातारा झालेल्याचे काय, हा प्रश्न त्यात नाही. त्या काळी तो मुलांनी आणि गावाकडच्या जमिनीने सोडवावयाचा असे. आपल्या पारनेर तालुक्यातल्या जमिनीने तो किती सोडवला असता, हे पाऊस मोजणाऱ्यांनी सांगावे. आज आपल्या औद्योगिक वसाहतीत जी पोरे कंत्राटावर काम करतात, त्यांतल्या काहींचा प्रॉव्हिडंट फंड कापला जातो, काहींचा कापला जात नाही. ज्यांचा कापला जातो त्यांनाही त्या फंडाचे पेन्शन मिळावयाला दहा वर्षांची नोकरी भरावी लागते, आणि ठेकेदार बदलता बदलता ती दहा वर्षे बहुतेकांची भरत नाहीत. म्हणून २०१५ च्या जून महिन्यात ही अटल योजना लागू झाली तेव्हा मी हौसेने तिचा प्रचार केला. स्वतः मात्र खाते उघडू शकलो नाही. योजनेचे दार अठरा ते चाळीस वयापर्यंतच उघडे असते, आणि मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होतो. या दाराची आठवण ठेवा. पुढे ते पुन्हा येणार आहे.

आता खाते उघडण्याची गोष्ट. ती सोपी आहे. आपले बचत खाते ज्या बँकेत किंवा पोस्टात असेल तेथे जावे आणि अटल पेन्शनचा फॉर्म मागावा. आधार कार्ड आणि मोबाईल नंबर लागतो. फॉर्मात वारसाचे नाव लिहावयाचे, लग्न झालेले असेल तर नवऱ्याचे अथवा बायकोचे नाव लिहावयाचे, आणि ते आधारवर जसे आहे तसेच लिहावयाचे. तीस वर्षांनी स्पेलिंगवरून भांडण नको. जो आयकर भरतो त्याला १ ऑक्टोबर २०२२ पासून ही योजना बंद आहे. खाते उघडले की बारा आकडी कायमचा क्रमांक मिळतो, त्याला प्रान म्हणतात. तो पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. हप्ता बचत खात्यातून आपोआप कापला जातो. दर महिन्याला, तीन महिन्यांनी किंवा सहा महिन्यांनी, जशी आपली मर्जी. ज्याचा पैसा कांद्याच्या पट्टीतून येतो त्याने सहामाही हप्ता घ्यावा, महिन्याचा घेऊ नये. एवढी साधी गोष्टही काउंटरवर कोणी आपण होऊन सांगत नाही.

फॉर्ममध्ये खरा विचार करावयाची जागा एकच आहे. साठीनंतर पेन्शन किती हवे? एक हजार, दोन, तीन, चार की पाच हजार? या पाचांपैकी एकावर खूण करावयाची. हप्ता किती पडेल हे त्या आकड्यावर आणि आपल्या वयावर ठरते. अठराव्या वर्षी पाच हजारांसाठी महिना २१० रुपये पडतात, तिसाव्या वर्षी ५७७, आणि चाळिसाव्या वर्षी १,४५४. ज्या वयात शिरलो त्या वयाचा दर साठीपर्यंत कायम राहतो. साठीनंतर ठरलेले पेन्शन मरेपर्यंत मिळते, पाठीमागे जोडीदाराला तेवढेच मिळते, आणि दोघेही गेल्यावर साठलेली रक्कम वारसाला मिळते. पाच हजारांच्या पेन्शनला ती साडेआठ लाख आहे. जमा पैशावर कमाई कमी झाली तर तूट सरकार भरून देणार, ही हमी आहे.

मी गेटवर उभा राहून सगळ्यांना एकच सांगत असे, पाच हजारांवर खूण करा. थोडेथोडके मागू नका. युनियनवाल्याची सवय, मागणी नेहमी वरची मांडावयाची.

एक वेल्डर होता. नाव सांगत नाही, तो याच गावचा आहे. २०१६ च्या सप्टेंबरात, वयाच्या तिसाव्या वर्षी, माझ्या सांगण्यावरून त्याने पाच हजारांचे खाते उघडले. महिना ५७७. सहा वर्षे त्याचा हप्ता गेला. हिशेबाच्या सोयीसाठी ७२ हप्ते धरू, म्हणजे ४१,५४४ रुपये. मग त्याच्या ठेकेदाराचे काम संपले. दोन महिने घरी बसला, बाप आजारी पडला, आणि दवाखान्याला चाळीस हजार हवे होते. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, पेन्शनच्या खात्यातले निम्मे काढता येतील का?"

येत नाहीत. हेच ते कुलूप. प्रॉव्हिडंट फंडातून आजारपणाला, लग्नाला, घराला काही रक्कम काढता येते. अटल पेन्शनमधून मध्येच थोडी रक्कम काढता येत नाही, आणि त्या खात्यावर कर्जही मिळत नाही. मी बँकेत विचारले. तेथे सांगितले की काढावयाचे असेल तर खातेच बंद करावे लागेल. तशी सोय आहे. स्वेच्छेने बाहेर पडण्याचा फॉर्म असतो. तो भरला की आपण भरलेले हप्ते आणि त्यांवर प्रत्यक्ष जी कमाई झाली असेल ती, खात्याचा खर्च वजा करून, बचत खात्यात जमा होते. ज्यांनी ३१ मार्च २०१६ पूर्वी खाते उघडून सरकारचा हिस्सा मिळवला होता, त्यांना तो हिस्सा मात्र सोडावा लागतो. आमचा वेल्डर त्यानंतर आलेला, त्याला सोडावयाचे काही नव्हते. मी म्हणालो, आपलेच पैसे आहेत, बंद कर. त्याने बंद केले.

मी घरी येऊन वहीत आकडे मांडले तेव्हा माझी झोप उडाली. आठ टक्के कमाई धरली तर ७२ हप्त्यांचे सुमारे ५३,००० होतात. आता त्याला पुन्हा पाच हजारांचे पेन्शन मिळवावयाचे म्हटले तर छत्तिसाव्या वर्षाचा दर पडणार, महिना ९९०. पूर्वी ५७७ होता. म्हणजे महिन्याला ४१३ जास्त. साठीला २४ वर्षे उरली, २८८ महिने. एकूण १,१८,९४४ रुपये जास्त! ५३,००० हातात घेण्यासाठी सव्वा लाखाच्या आसपास भुर्दंड. मला वाटले, ही सरळ लूट आहे, आणि मीच तिचा दलाल झालो.

पण संतापाने केलेला हिशेब एकदा थंड डोक्याने तपासावा, ही गोष्ट मी वाटाघाटींत शिकलो आहे. मी असे मांडून पाहिले: कोणी मला आज ५३,००० रुपये आठ टक्के सालिना व्याजाने दिले आणि २४ वर्षांत समान हप्त्यांनी फेडावयाला सांगितले, तर महिन्याचा हप्ता किती पडेल? उत्तर आले ४१३ च्या जवळपास. पुन्हा केले, तेच आले. म्हणजे योजनेने त्याला लुटले नव्हते. खाते बंद करणे म्हणजे आपल्याच म्हातारपणाकडून आठ टक्क्यांनी काढलेले कर्ज होते. आपल्या बाजारात खाजगी सावकार शेकडा तीन रुपये महिन्याला घेतो, म्हणजे वर्षाला छत्तीस. चाळीस हजारांवर दरमहा बाराशे नुसते व्याज. त्याच्या दारात जाण्यापेक्षा वेल्डरने केले ते काही मूर्खपणाचे नव्हते.

मग चूक कोठे झाली? दोन ठिकाणी. पहिली अशी की या कर्जाची फेड सक्तीची नाही. सावकार दारात येतो, म्हातारपण येत नाही. ९९० चा नवा हप्ता सुरू करावयाला त्याला कोणी हाक मारणार नव्हते, आणि त्याने तो सुरू केलाही नाही. अडचणीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाला पूर्वीपेक्षा चारशेने जास्त हप्ता सुचत नाही. दुसरी, वय चाळिशीकडे सरकत होते, आणि ते दार एकदा मिटले की मिटले.

आणि तिसरी गोष्ट, जी मला त्यानंतर दीड वर्षाने कळली, ती सगळ्यांत जिव्हारी लागली. योजनेत पेन्शनचा आकडा खाली आणावयाची मुभा आहे. वर्षातून एकदा, आर्थिक वर्षाच्या कोणत्याही महिन्यात, पाच हजारांचे चार, तीन, दोन किंवा एक हजार करता येतात. आकडा खाली आणला की आजवर जास्त भरलेली रक्कम तिच्यावरच्या कमाईसह परत मिळते. आता वेल्डरचे उदाहरण घ्या. त्याने खाते बंद न करता पाच हजारांचे एक हजार केले असते तर? तिसाव्या वर्षी शिरलेल्याला एक हजाराचा हप्ता ११६ रुपये. ५७७ मधून ११६ वजा जाता ४६१ दर महिन्याचे जास्त; ७२ महिन्यांचे ३३,१९२, आणि वरच्याच दराने कमाई धरली तर सुमारे ४२,०००. दवाखान्याला हवे होते चाळीस!

म्हणजे ज्या खात्यातून निम्मे काढता येत नाहीत असे आम्ही समजत होतो, त्यातून पाचांतले चार भाग निघत होते. खाते जिवंत राहिले असते, हप्ता ११६ वर आला असता, आणि तिसाव्या वर्षाचा दरही टिकला असता. हात मोकळा झाल्यावर पेन्शन पुन्हा वर नेता येते. त्यासाठी मधल्या काळातील फरक आठ टक्के व्याजाने भरावा लागतो, म्हणजे तेच जुने आठ टक्क्यांचे कर्ज, पण या वेळी दार उघडे ठेवून घेतलेले. नवे खाते उघडावयाला चाळिशीची अट आहे. असलेल्या खात्यात वर चढावयाला ती नाही. बँकेतल्या बाबूने हे सांगितले नाही, हे खरे. पण आम्हीही 'पैसे काढता येतील का' असेच विचारले होते, आणि त्याचे उत्तर 'नाही' हेच बरोबर होते. 'आकडा कमी करता येईल का' असे विचारावयाला हवे होते. फॉर्मचे नावच निराळे आहे.

यावरून खूण कोठे करावी हे माझे मत बदलले. पूर्वी मी म्हणे, चांगल्या महिन्यात जेवढे झेपेल तेवढे घ्या. आता म्हणतो, गेल्या दोन वर्षांतला आपला सर्वांत वाईट महिना आठवा, ज्या महिन्यात किराणा उधार आणला तो, आणि त्या महिन्यात जो हप्ता गेला असता तेवढ्याच आकड्यावर खूण करा. वर चढता येते, पण रिकाम्या खात्यातून हप्ता जात नाही.

हप्ता न गेल्यास काय होते तेही पाहू, कारण बहुतेक खाती फॉर्म भरून बंद होत नाहीत, ती अशीच वाळतात. हप्त्याच्या दर शंभर रुपयांना महिना एक रुपया दंड; शंभराच्या वरचे थोडेही शंभरच धरतात. ५७७ च्या हप्त्याला सहा रुपये. दंड जड नाही. जड जाते ती वसुली. तीन महिने खात्यात पैसा नव्हता, चौथ्या महिन्यात पगार पडला, की बँक थकलेले तीन, चालू एक आणि वर दंड असे एकदम कापते. घरात गोंधळ होतो, पगारच चोरीला गेला असे वाटते, आणि माणूस रागाने त्या खात्यात पैसे ठेवणेच सोडतो. पुढे खात्याचा खर्च आणि दंड जमा रकमेतून कापला जात राहतो, आणि रक्कम शून्यावर आली की खाते आपोआप बंद.

आपल्या वसाहतीत याचे कारण बहुधा आळस नसतो. नवा ठेकेदार येतो आणि म्हणतो, पगार अमुक बँकेतच पडेल. नवे खाते निघते, जुन्या खात्यात एक पैसा येत नाही, आणि पेन्शनचा हप्ता मात्र जुन्याच खात्याला बांधलेला असतो. तेव्हा ठेकेदार बदलला की त्याच आठवड्यात जुन्या बँकेत सहा महिन्यांच्या हप्त्यांइतके पैसे टाकून ठेवावे, किंवा तेथे जाऊन पुढची व्यवस्था करून घ्यावी. पासबुक भरून आणले की दर महिन्याला पेन्शनच्या हप्त्याची एक ओळ दिसली पाहिजे. सलग दोन महिने ती दिसली नाही, की उठून बँकेत जावे.

आणखी एक खरे बोलतो, नाहीतर प्रचारक ठरेन. पाच हजार हा आकडा महागाईबरोबर वाढत नाही. भाव सालिना पाच टक्क्यांनी वाढत गेले तर तीस वर्षांनंतरच्या पाच हजारांत आजच्या सुमारे साडेअकराशे रुपयांचा बाजार येईल. तेल, मीठ, चहा आणि औषधाच्या गोळ्या सुटतील. घर चालणार नाही. म्हणून साऱ्या शिल्लकेवर हे कुलूप लावू नये. तीन महिन्यांच्या घरखर्चाइतके पैसे पोस्टात किंवा बँकेत मोकळे असावेत, आणि ते जमल्यावर पेन्शनचा आकडा एक पायरी वर न्यावा. हा क्रम उलटा केला की आमच्या वेल्डरसारखे होते. माझ्यासारखे चाळिशी उलटलेले जे आहेत त्यांना राष्ट्रीय पेन्शन योजना १ मे २००९ पासून खुली आहे. तिचे कुलूप निराळे, किल्ल्याही निराळ्या, आणि तिच्यात ठरावीक पेन्शनची हमी नाही. तिच्यावर बोलावयाचे तर दुसरी संध्याकाळ लागेल.

या कुलपाची एक बाजू मी फार उशिरा पाहिली. खातेदार साठीच्या आत वारला तर जोडीदाराला दोन वाटा असतात: जमलेली रक्कम घेऊन मोकळे व्हावयाचे, किंवा खातेदाराची साठी भरली असती त्या तारखेपर्यंत त्याच जुन्या दराने हप्ते भरीत राहून पुढे स्वतः आजन्म पेन्शन घ्यावयाचे. तेराव्याच्या दिवशी घरात जमलेली माणसे पहिली वाट सुचवतात, कारण ती रक्कम त्यांच्या डोळ्यांसमोर असते. दुसरी वाट आहे, हे त्या बाईला ठाऊक असावे, एवढ्यासाठी खाते उघडतानाच जोडीदाराला बँकेत सोबत न्यावे.

वेल्डरचे पुढे काय झाले असे आपण विचाराल. बाप बरा झाला. तो सध्या दुसऱ्या ठेकेदाराकडे आहे, येत्या ऑगस्टात चाळीस पुरी होतील. आकडा कमी करण्याची सोय मला समजली, त्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो आणि वही उघडून सगळे सांगितले. तो काही बोलला नाही. त्याची बायको म्हणाली, "भाऊ, तेव्हाच का नाही सांगितलं?" मी म्हणालो, मला तेव्हा ठाऊक नव्हते. तिने चहा ठेवला. परवा, म्हणजे या व्याख्यानाची तयारी चालली असताना, तीच बाई माझ्याकडे आली. तिचे स्वतःचे बचत खाते आहे, बचत गटाचे पैसे त्यात येतात. वय पस्तीस. पाच हजारांना महिना ९०२ पडतात, हे तिने आधीच विचारून ठेवले होते, आणि ते झेपणार नाहीत हेही. तिने एक हजारावर खूण केली; हप्ता १८१. वर्षभर पासबुकात ती ओळ चुकली नाही तर पुढच्या वर्षी दोन हजार करीन, असे म्हणाली. वारसाच्या रकान्यात कोणाचे नाव घालायचे, असे मी विचारले, तर म्हणाली, "त्यांचंच घाला. पण त्यांना बँकेत बरोबर नेते, समजू दे त्यांनाही."